गोळाफेक : आधी सरकावं की फिरावं?

माझी भाची पंधरा वर्षांची आहे, तीन किलोचा गोळा फेकते. गेल्या वर्षी तिने मोबाइलवर रायन क्राउझरचे व्हिडिओ पाहिले आणि एका संध्याकाळी जाहीर केलं, "मामू, आता मी फिरूनच टाकणार." मी नको म्हटलं, तर म्हणाली, "पण विश्वविक्रम तर फिरूनच झालाय ना!"

तिचं खोटं नव्हतं. क्राउझरची 2023 मधली 23.56 मीटरची फेक फिरूनच झाली आहे. तरीही नवशिक्याने आधी ग्लाइड शिकावं, हे माझं मत मी सोडलेलं नाही, आणि त्यामागे तिचीच एक स्पर्धा आहे.

तालुक्याच्या मैदानावर तिला तीन फेकी मिळाल्या. पहिल्या फेकीत गोळा हातातून उशिरा सुटला आणि सेक्टरच्या डाव्या रेषेबाहेर पडला. दुसऱ्या वेळी फिरण्याचा वेग आवरला नाही, पाय स्टॉप बोर्डावरून पलीकडे गेला. तिसरी फेक भीतभीत टाकलेली, तेवढी वैध ठरली : 6.90. घरामागच्या मोकळ्या जागेत ही मुलगी जागेवर उभी राहून 7.40 टाकत होती. म्हणजे एवढं फिरून तिने अर्धा मीटर गमावला होता.

असं का होतं? वर्तुळ 2.135 मीटरचं. फिरताना डाव्या पायावर वळायचं, उजव्या पायावर मध्यभागी उतरायचं आणि तिथेही वळणं चालूच ठेवायचं. गोळा मानेपासून बाहेर ओढला जात असतो, तो दाबून धरावा लागतो. त्यात तोल थोडा जरी गेला, तरी गोळा कुठल्या क्षणी सोडायचा हेच कळत नाही. चुकलं कुठे हेही मुलाला सांगता येत नाही, कारण सगळं एका सेकंदाच्या आसपास उरकतं.

ग्लाइडमध्ये दिशा एकच असते. 1950 च्या दशकात पॅरी ओब्रायनने रूढ केलेली ही पद्धत. (पुढे उजव्या हाताने फेकणारा गृहीत धरतो.) फेकीच्या दिशेला पाठ करून उभं राहायचं, उजव्या गुडघ्यावर वाकायचं, डावा पाय जमिनीलगत बोर्डाकडे झटकायचा. त्याच वेळी उजव्या पायाने मागे रेटा द्यायचा आणि तो पाय ओढून वर्तुळाच्या मध्याशी, शरीराखाली आणायचा. खांदे अजून मागेच वळलेले हवेत. डावा पाय बोर्डापाशी टेकला की उजवी टाच, गुडघा, कंबर, छाती असं एकामागून एक वळतं आणि हात सगळ्यात शेवटी येतो. फेकीची खरी ताकद या क्रमात आहे. फिरून फेकणाऱ्यालाही शेवटी पायांपासून हातापर्यंत हाच क्रम लागतो.

ग्लाइडही पहिल्याच दिवशी जमत नाही. पहिल्या आठवड्यात भाचीची फेक 7.30 गेली, म्हणजे उभ्या फेकीपेक्षाही कमी! मी बाजूला उभा राहून नुसता कान दिला. दोन पाय टेकल्याचे आवाज लगोलग यायला हवेत. तिच्या दोन आवाजांमध्ये चांगलीच फट होती. उजवा पाय टेकायचा, ती सरळ उभी व्हायची, तोंड पुढे फिरवायची आणि मग सावकाश डावा पाय यायचा. तोवर सरकण्याचा वेग संपलेला. उपाय साधा होता. वर्तुळाच्या मागे चार पावलांवर तिची चप्पल ठेवली आणि सांगितलं, उजवा पाय टेकेपर्यंत नजर चपलेवर. सहा आठवड्यांनी फेक 8.20 वर गेली. उभी फेक तेव्हाही 7.40 च्याच आसपास होती. ग्लाइड जमतंय की नाही, याचं मी हेच मोजमाप धरतो : उभ्या फेकीत आणि सरकून केलेल्या फेकीत किती अंतर पडतं.

उलट बाजूनेही बोलणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ग्लाइडमध्ये शेवटी पाय लांब पसरलेले असतात. फिरून फेकताना ते जवळ हवेत आणि वजन उजव्या पायावर जास्त वेळ राहायला हवं. वर्षानुवर्षं ग्लाइड केलेल्याला ही लांब ठेवण सोडवत नाही. म्हणून ग्लाइडवर फार काळ रेंगाळू नये, एखादा हंगाम पुरे. जो मुलगा थाळीफेक आधीच करतो, त्याला वर्तुळात वळण्याची सवय असते. त्याला थेट फिरायला शिकवलं तरी माझी हरकत नाही. पण ग्लाइड म्हणजे जुनाट, हे मात्र मला मान्य नाही. टोमाश मायेव्हस्कीने 2008 आणि 2012 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं ग्लाइडनेच जिंकली. चीनच्या गोंग लिजाओने टोकियोत 20.58 मीटर फेकून सुवर्ण घेतलं, तेही ग्लाइडनेच.

पावसाळा संपल्यावर भाची पुन्हा फिरायला लागणार आहे. आधी गोळ्याशिवाय, मग हलका चेंडू घेऊन. चप्पल मात्र अजून वर्तुळामागे तशीच ठेवलेली असते.