भाडं थांबवू नका, दुकान जाईल

दुकानाच्या भाड्याचे प्रश्न आपल्या वाचकांकडून नेहमी येतात. या वेळचा प्रश्न इंदूरच्या एका तरुणाचा आहे. राजवाड्याजवळ त्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे. गाळा भाड्याचा, किरायानामा वडिलांच्या नावाचा, तोही 11 महिन्यांचा आणि कधीच संपलेला. वडील वारले. आता मालक म्हणतो, ''महिना 6 हजारांऐवजी 20 हजार द्या, नाहीतर निघा.'' एप्रिलपासून तो जुनं भाडंही घेत नाही. ''मग भाडं देणंच बंद करावं का?'' असं या मुलाने विचारलं आहे.

नाही, मुळीच नाही. का, ते पाहू.

मध्य प्रदेशात अशा गाळ्यांना 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम लागू होतो. किरायानाम्याची मुदत संपली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. मुदतीनंतरही ताब्यात असलेल्याला हा कायदा भाडेकरूच मानतो. दुकानाची भाडेदारी वारसांकडे जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ग्यानदेवी आनंद खटल्यात सांगितलं. तो खटला दिल्लीचा होता, पण तत्त्व तेच. मालकाला गाळा रिकामा करून हवा असेल, तर कलम 12 मधलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं.

त्यातलं पहिलंच कारण थकबाकीचं, आणि भाडेकरू इथेच फसतो. मालकाने मागणीची नोटीस दिली, की ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत कायद्याने देय असलेली सगळी थकबाकी द्यावी लागते. समजा, नोटीस 10 जुलैला मिळाली आणि तीत तीन महिन्यांचे 60 हजार मागितले आहेत. वाढीव भाडं तुम्ही कबूल केलेलं नाही, म्हणून देय रक्कम 18 हजार. ती 10 सप्टेंबरच्या आत मालकाच्या बँक खात्यात भरा. खातं माहीत नसेल तर डिमांड ड्राफ्ट पत्रासह स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्याने पाकीट परत केलं, तरी तुम्ही पैसे देऊ केले होते याचा तो पुरावा. जुलैपासूनचं भाडंही तसंच दर महिन्याला देत राहा.

त्यानंतरही मालकाने दावा केला, तर कलम 13 लक्षात ठेवा. समन्स मिळाल्यापासून एक महिन्यात बाकी रक्कम कोर्टात भरायची, तीही ज्या दराने भाडं दिलं जात होतं त्याच दराने, म्हणजे 6 हजारांनीच. पुढे दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचं भाडं भरत राहायचं. हे चुकलं तर कोर्ट तुमचा बचावच काढून टाकू शकतं. काही अडचण आली, तर मुदत वाढवून मिळण्यासाठी लगेच अर्ज करा. थकबाकी भरून एकदा वाचलात आणि नंतर सलग तीन महिने पुन्हा चुकलात, तर ती सवलत मिळत नाही.

दुसरा धोका पोटभाडेकरूचा. दुकानात मामेभावाचं मोबाइलचं काउंटर बसवायचं असेल, तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्या. तोंडी ''हो'' पुरत नाही. गल्ल्यावर तुम्ही बसता आणि ताबा तुमचाच आहे, तोवर भागीदार घेणं वेगळं. पण एखादा भाग कुलपासकट दुसऱ्याच्या हाती दिलात, तर मालकाच्या हाती कारण दिलंत.

तिसरं कारण मालकाच्या गरजेचं. स्वतःचा, सज्ञान मुलाचा किंवा अविवाहित मुलीचा धंदा सुरू करण्यासाठी त्याला गाळा खरोखर हवा असेल आणि त्याच शहरात त्याच्याकडे दुसरी योग्य जागा नसेल, तर तुम्ही वेळेवर भाडं भरूनही दुकान जाऊ शकतं. मात्र भाडेकरूसकट गाळा नव्याने विकत घेणाऱ्याला या कारणाचा दावा वर्षभर करता येत नाही.

भाडेवाढीचं बोलणं थांबवायचं नाही. परवडेल तो आकडा ठरवून नवा करार करा आणि दरवर्षी किती टक्के वाढेल ते त्यात लिहा. मुदत एक वर्षाहून जास्त असेल तर नोंदणी करावीच लागते. नाहीतर तीन वर्षांची कबुली कागदावरच राहते.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. महापालिकेच्या किंवा सरकारी गाळ्यांना हा कायदा लागू नाही. वडोदरा, बेळगाव, हैदराबाद किंवा गोव्यातल्या वाचकांसाठीही तिथले कायदे वेगळे आहेत, त्यामुळे मुदती तिथल्या वकिलाकडूनच विचारून घ्या.

या तरुणाने आज करायचं काम एवढंच: एप्रिलपासूनचं भाडं जुन्या दराने पाठवायचं आणि पोच फाईलला लावायची.