सभेतील बोलणे आणि इतिवृत्तातील भाषा

एका वसतिगृहाच्या सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे काही वर्षे होते. बोली भाषेतील चर्चा प्रमाण मराठीत उतरविताना शब्द बदलावेत, हे उघडच आहे. परंतु शब्दांबरोबर माणूस आणि त्याची तक्रारही पुसली जाते, याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे.

एका सभेत एक माता म्हणाल्या, "पोरी पाचाला उठत्यात, पर बंबात सगळ्यांपुरतं पाणी तापत न्हाई. साठ पोरी हायेत, निम्म्या गार पाण्यानं न्हात्यात. मागल्या बारीला बी सांगितलं, कुणी मनावर घेतलं न्हाई." त्यावर अध्यक्ष म्हणाले, "बघू, या महिन्यात दुसरा बंब घेऊ."

आमचा पहिला मसुदा असा होता : 'वसतिगृहातील उष्ण जलसुविधेबाबत सविस्तर चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.' वाक्य निर्दोष, पण त्यात साठ मुली नाहीत, मागील तक्रार नाही, मुदतही नाही. शिवाय मत कोणी विचारलेच नव्हते, मग 'सर्वानुमते' कोठून आले? इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे कागद चांगलेच परिचित असतात. 'सविस्तर चर्चा' या दोन शब्दांआड काय दडले आहे, हे पुढे कोणालाच कळत नाही.

दुसरा मसुदा असा केला : 'साठ विद्यार्थिनींपैकी निम्म्या विद्यार्थिनींना पहाटे थंड पाण्याने स्नान करावे लागते, असे एका पालक सदस्यांनी निदर्शनास आणले. मागील सभेतही हे सांगितले होते, परंतु त्याची दखल घेतली गेली नाही, असा आक्षेप त्यांनी नोंदविला. चालू महिन्यात दुसरा बंब घेण्याचे आश्वासन अध्यक्षांनी दिले.'

येथे बोलीचे उच्चार गेले, रागाचा स्वर गेला. ते जाण्यास हरकत नाही. कोणी, किती आणि केव्हापर्यंत ही तिन्ही मात्र राहिली. 'म्हणाले' याला पर्यायही जपून निवडावा लागतो. 'निदर्शनास आणले' म्हणजे वस्तुस्थिती सांगितली, 'सुचविले' म्हणजे उपाय सांगितला, 'आक्षेप घेतला' म्हणजे विरोध केला. नुसत्या 'बघू'ला 'मान्य करण्यात आले' असे लिहिणे तर सरळ खोटेच. अध्यक्षांनी महिना सांगितला, म्हणून आम्ही 'आश्वासन' लिहिले; ठराव मांडला गेला नव्हता, म्हणून 'ठराव' लिहिला नाही.

यासाठी आम्ही कच्च्या वहीत बोलणाऱ्याचेच शब्द टिपून घेत असू व त्याच संध्याकाळी पक्के लेखन करीत असू. दोन दिवस लोटले की आपलेच शब्द त्याच्या तोंडी येतात.

पुढील सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी वाचून दाखविले. त्या माता लक्षपूर्वक ऐकत होत्या. 'आक्षेप' म्हणजे काय, असे त्यांनी विचारले, आम्ही सांगितले. मग त्या म्हणाल्या, "बरुबर हाय. पर साठ न्हवं, मी मोजल्या, बासष्ट हायेत." आम्ही आकडा खोडून वर बासष्ट लिहिले आणि अध्यक्षांनी समासात सही केली.