घरातल्या घरात कसला हिशोब?

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार गोड वाटलं होतं. माझ्या माहेरी चौघंच होतो आणि हिशोबाची वही आईच्या उशाखाली असायची. इथे डोंबिवलीत नऊ माणसं आणि वही नाहीच! वाटलं, किती मोठ्या मनाची माणसं. आता पंधरा वर्षांनी माझं मत असं झालंय की "घरातल्या घरात कसला हिशोब" हे वाक्य ज्याला हिशोब सोयीचा नसतो तोच म्हणतो. वाचणाऱ्या नातेवाईकांना राग आला तर येऊ दे. घरात सगळं बोलून झालंय, मगच इथे लिहितेय.

आधी घर सांगते. सासूबाई, मोठे दीर (आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो), वहिनी, त्यांची दोन मुलं, माझा नवरा, मी, आमची लेक आणि धाकटा दीर. घर सासऱ्यांनी घेतलेलं, त्यामुळे हप्ता नाही. कमावते चौघं: दादा ८०,०००, नवरा ६०,०००, मी ४०,००० आणि धाकट्याची नवी नोकरी, २०,०००. एकूण दोन लाख. सासूबाईंची थोडी पेन्शन आहे, तिला कुणी हात लावायचा नाही असं आधीपासूनच ठरलेलं आहे आणि ते बरोबरच आहे.

पद्धत अशी होती की चौघांनी एक तारखेला प्रत्येकी १५,००० वहिनींच्या हातात द्यायचे. सारखा वाटा, भांडण नाही. ऐकायला किती न्याय्य! पण धाकट्याच्या वीस हजारांतून पंधरा गेले की त्याच्याकडे पाच उरतात. त्यात लोकलचा पास, मोबाईल, दुपारचं खाणं आणि मित्राचं लग्न. दादांच्या ऐंशीतून पंधरा गेले की पासष्ट उरतात. म्हणजे एक जण रुपयातले ७५ पैसे घराला देतोय आणि दुसरा १९ सुद्धा नाही, आणि ह्याला आम्ही "सारखं" म्हणत होतो. धाकट्याने ह्याचा उपाय क्रेडिट कार्डात शोधला होता. दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरायची आणि उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज. आम्हाला कळलं ते वसुलीवाल्याचा फोन घरच्या नंबरवर आला तेव्हा.

दुसरी गोष्ट कळली ती वहिनींची. जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी मी त्यांना म्हटलं, "तुमची भिशी लागली असेल ना, त्यातून तात्पुरते द्या." त्या म्हणाल्या, "भिशी कुठली गं, ती गेल्या गणपतीतच संपली." वहिनी शिवणाचे चार पैसे साठवून भिशी भरायच्या, तेवढाच त्यांचा स्वतःचा पैसा. तो तीन वर्षं गणपतीत, आहेरात आणि मिक्सरच्या दुरुस्तीत जात होता आणि आम्हा चारही कमावत्यांना वाटत होतं की साठ हजारांत घर मस्त चाललंय.

त्या रात्री मी वही काढली. महिन्याचा खर्च आधी लिहिला. किराणा १७,०००, भाजी-फळं ९,०००, दूध ५,५००, कामवाल्या मावशी ४,५००, वीज ४,०००, सोसायटी ४,०००, सासूबाईंची औषधं ३,०००, गॅस २,०००, इंटरनेट १,००० आणि पाहुणे-रावळे-किरकोळ मिळून ६,०००. बेरीज ५६,०००. म्हणजे साठ हजारांत चार हजार शिल्लक! दादा म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"

पण घर महिन्याने चालत नाही, वर्षाने चालतं. सगळ्यांचा मेडिक्लेम ५४,०००, दिवाळी ३६,०००, गणपती ३०,०००, उन्हाळ्यात भरायचं धान्य आणि मसाले २४,०००, लग्नामुंजींचे आहेर २४,०००, मालमत्ता कर १२,०००, दुरुस्त्या १२,०००. हे झाले १,९२,०००. ह्यातला एकही खर्च अचानक येत नाही. गणपती येणार हे दर वर्षी माहीत असतं! बाराने भागलं की महिन्याला १६,०००. आमच्याकडे उरत होते चार. म्हणजे वर्षाला १,४४,००० ची तूट. ही तूट आजवर आयत्या वेळच्या वर्गणीने भरत होतो. "काढा रे पाच-पाच" म्हटलं की धाकट्याचेही पाच आणि दादांचेही पाच. उरलेलं वहिनींची भिशी. तुमच्याही घरात दर सणाला अशी वर्गणी निघत असेल तर खर्च जास्त झाला म्हणून बोटं मोडू नका. महिन्याचा वाटाच कमी धरलाय, एवढाच त्याचा अर्थ.

तर खरा खर्च ७२,०००. त्यात मी आणखी ८,००० मिळवले आणि खरं भांडण इथेच सुरू झालं. हे आठ हजार वहिनींचे. घरखर्चाचे नाहीत, त्यांचे स्वतःचे. हिशोब न मागता खर्च करायचे किंवा साठवायचे. म्हणजे झाले ८०,०००. दोन लाखांतले ऐंशी हजार म्हणजे रुपयाला ४० पैसे. प्रत्येकाने आपल्या रुपयातले ४० पैसे द्यायचे: दादा ३२,०००, नवरा २४,०००, मी १६,०००, धाकटा ८,०००. मुलांच्या शाळेची फी ज्याची त्याने उरलेल्यातून भरायची.

दादांचा वाटा पंधराचा एकदम बत्तीस झाला. साहजिकच ते चिडले. "मी शिकलो, राबलो, बढती मिळवली, त्याचा हा दंड?" हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण देऊन झाल्यावर हातात काय राहतं ते बघा. दादांकडे ४८,०००, नवऱ्याकडे ३६,०००, माझ्याकडे २४,०००, धाकट्याकडे १२,०००. क्रम तोच राहिला की नाही? जास्त कमावणाऱ्याकडे अजूनही सगळ्यात जास्तच उरतं. बढती मिळाली तर तिच्यातलेही ६० पैसे त्याचेच.

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, "माझ्या हातात ऐंशी येतातच कुठे? बँकेचा एसेमेस बघ, ६६,०००." एसेमेस खरा होता. पण पगाराची स्लिप बघितली तर पतपेढीच्या कर्जाचा हप्ता ६,००० आणि भविष्य निर्वाह निधीत स्वतःहून वाढवलेले ८,००० असे कापले जात होते. एक त्यांनी घेतलेलं कर्ज, दुसरी त्यांची बचत. ती त्यांनी जरूर करावी, पण आपल्या साठ पैशांतून. म्हणून आमचा नियम असा की कर आणि सक्तीची कपात वजा करून जे राहतं ते उत्पन्न. ऐच्छिक कपात पुन्हा मिळवायची. हा नियम नसेल तर जो हुशार तो बचत वाढवत नेईल आणि त्याचा वाटा आपोआप घटत जाईल. त्यामुळे टक्के ठरवताना एसेमेस नको, स्लिप मागा. एप्रिलमध्ये पगारवाढी झाल्या की पुन्हा एकदा मागा.

काही जण म्हणतील, डोकी मोजून का नाही करत? दादांची चार, आमची तीन, सासूबाई आणि धाकटा. करता येईल. पण मग सासूबाईंचं डोकं कुणाच्या खात्यात? आमच्या लेकीपेक्षा दादांचा मुलगा दोन पोळ्या जास्त खातो, त्याचं काय? असं मोजायला लागलं की एकत्र कुटुंबाची खानावळ होते. तसंच राहायचं तर वेगळ्या चुली बऱ्या.

आता वहिनींचे आठ हजार. दादा म्हणाले, "माझी बायको आहे, तिला काय लागेल ते मी देईन." ऐकायला चांगलं वाटतं, पण मी ठाम नाही म्हटलं. वहिनी पहाटे साडेपाचला उठून डबे फक्त दादांचे करत नाहीत, माझा आणि धाकट्याचाही करतात. सासूबाईंना दवाखान्यात त्या नेतात, माझी लेक शाळेतून आली की दार त्या उघडतात. मी ७:४२ ची लोकल पकडून ४०,००० आणते ते त्या घरात आहेत म्हणून. काम सगळ्या घराचं, तर पैसेही सगळ्या घराच्या पैशांतून यायला हवेत. नवऱ्याकडून मागून घेतलेला पैसा आणि हक्काचा पैसा ह्यात काय फरक आहे हे ज्या बाईने मिक्सर दुरुस्तीला भिशी मोडली तिला विचारा. आणि हो, हा पगार नाहीये. बाहेरून माणसं लावली तर आठ हजारांत ह्यातलं काहीच होणार नाही.

पैसे ठेवायचे कसे हेही थोडक्यात सांगते, कारण इथेच घोळ होतात. वहिनी आणि मी अशा दोघींच्या नावावर दोन खाती काढली, दोघींपैकी कुणीही एक व्यवहार करू शकेल अशी. एकात महिन्याचे ५६,०००, दुसऱ्यात वर्षाचे १६,०००, वहिनींचे ८,००० सरळ त्यांच्या खात्यात. वर्षाच्या खात्याला किराण्यासाठी हात लागला की समजायचं, महिन्याचा अंदाज चुकलाय. मग गुपचूप भरपाई न करता टक्का पुन्हा काढायचा.

एक चूक मात्र माझीही झाली. आम्ही जुलैत सुरुवात केली. नोव्हेंबरपर्यंत पाच महिन्यांचे ८०,००० साठणार होते आणि तोवर मेडिक्लेम, गणपती, दिवाळी मिळून १,२०,००० लागणार होते. ४०,००० कमी! बाराने भागलं की वर्ष जमतं, पण सण बारा महिन्यांत सारखे वाटलेले नसतात. मग सगळ्यांनी एकदाच रुपयाला २० पैसे जास्त काढले: सोळा, बारा, आठ आणि चार हजार. जूनमध्ये हे ४०,००० खात्यात परत दिसतील. ते वाटून घ्यायचे नाहीत, नाहीतर पुढच्या दिवाळीला तीच रड.

ज्यांच्या घरी कुणाचं दुकान आहे त्यांना हे जसंच्या तसं जमणार नाही, कारण तिथे स्लिपच नसते. माझ्या मामेबहिणीकडे दुकानवाल्या दिराचा वाटा मंदीच्या महिन्यांवरून ठरवतात आणि दिवाळीनंतर फरक भरून घेतात. त्यासाठी दुकानाची वही घरात दाखवावी लागते. ती दाखवायची तयारी नसेल तर कुठलीच पद्धत चालणार नाही.

दादांनी एक वर्षासाठी कबूल केलंय. "एप्रिलमध्ये बघू," असं म्हणालेत. चेहरा अजून फुगलेलाच आहे, पण एक तारखेला बत्तीस हजार येतात. धाकट्याचं कार्ड निम्मं फिटलंय. वहिनींनी आठ हजारांचं काय केलं ते मला माहीत नाही. विचारलंही नाही, विचारायचं नाही असंच तर ठरलंय ना!