रजेच्या अर्जाला जोडलेले पाळीपत्रक

केंद्र सरकारच्या एका रासायनिक प्रकल्पात मी काही वर्षे प्रशासन सांभाळले. प्रकल्प महाराष्ट्राबाहेर, गावापासून दूर. तेथे अर्जित रजेच्या प्रत्येक अर्जाला एक कागद जोडलेला असे. रजेच्या काळात आपल्या पाळ्या कोण करणार याचे तक्ताबद्ध पत्रक अर्जदाराने स्वतः तयार करायचे, संबंधित सहकाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच अर्ज पुढे सरकवायचा. ही प्रथा इतकी अंगवळणी पडली होती की ती कोणत्या नियमान्वये सुरू झाली हे कोणीच सांगू शकत नव्हते. सांगता येणारही नव्हते, कारण असा नियमच नाही.

केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील अर्जाचा नमुना वाचकांनी एकदा काढून पाहावा. रजेचा प्रकार, कालावधी, कारण, रजेतील पत्ता असे सर्व रकाने त्यात आहेत. ‘बदली कोण’ हा रकाना नाही. आहे तो नियंत्रक अधिकाऱ्याच्या अभिप्रायाचा. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि सार्वजनिक सेवेच्या निकडीमुळे ती नाकारता येते, हे सातव्या नियमात स्पष्ट आहे. परंतु निकड ठरवण्याचा अधिकार ज्याला दिला, तिची तजवीज करण्याचे कर्तव्यही त्याच्याकडेच येते. अधिकार स्वतःकडे ठेवून कर्तव्य अर्जदाराच्या गळ्यात बांधणे हे प्रशासन नव्हे.

यावर आमच्या तांत्रिक अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे: संयंत्र थांबवता येत नाही. बरोबर आहे. आमच्याकडे द्रवरूप अमोनियाची साठवण होती. वातावरणाच्या दाबाला अमोनिया द्रवरूपात ठेवायचा तर तो सुमारे उणे ३३ अंश सेल्सियसला ठेवावा लागतो. टाकीला कितीही आवरण असले तरी बाहेरची उष्णता आत झिरपते, थोडा अमोनिया सतत उकळतो आणि ती वाफ कॉम्प्रेसरने ओढून, पुन्हा द्रव करून टाकीत परत धाडावी लागते. कॉम्प्रेसर बंद पडला की टाकीतला दाब हळूहळू चढू लागतो. नियंत्रण कक्षातल्या माणसाने तो चढताना पाहून राखीव कॉम्प्रेसर सुरू करायचा असतो. ही खुर्ची दिवाळीतही रिकामी ठेवता येत नाही.

पण म्हणूनच आधी हिशेब मांडायला हवा होता. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे तो मांडून पाहिला. एका खुर्चीला वर्षाला आठ तासांच्या १०९५ पाळ्या लागतात. एका माणसाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा, ८ नैमित्तिक रजा, ३ राष्ट्रीय सुट्ट्या आणि आजारपण व प्रशिक्षण यांचे प्रत्येकी ५ दिवस धरले, तर उरतात २६२. चार माणसे १०४८ पाळ्या देतात. ४७ कमी पडतात. एक पद रिक्त असेल तर ३०९ कमी पडतात, म्हणजे जवळजवळ रोज एक. तीन माणसांनी साप्ताहिक सुट्टी सोडून एकही रजा घेतली नाही, तरी १५६ पाळ्या उघड्याच राहतात. ही तूट पदमंजुरीच्या कागदावर जन्मते. अर्जदाराचे पाळीपत्रक ती भरून काढत नाही. सहकाऱ्यांच्या झोपेत तिला लपवते.

एक प्रसंग सांगतो. चार चालकांपैकी एकाने मुलीच्या लग्नासाठी बारा दिवसांची रजा मागितली. पत्रक सुबक होते: एकजण सलग रात्रपाळी, दुसरा सकाळ, तिसरा दुपार. बारा दिवसांच्या ३६ पाळ्या, प्रत्येकी १२. बेरीज चोख, पण साप्ताहिक सुट्टी कोणालाच नाही आणि प्रत्येकाच्या आठवड्याचे तास ५६. पाचव्या दिवशी दुपारपाळीवाला तापाने आडवा झाला. उरलेल्या दोघांनी बारा-बारा तास वाटून घेतले, म्हणजे आठवड्याला ८४ तासांच्या गतीने. पत्रक मात्र फाइलमध्ये तसेच राहिले.

नवव्या दिवशी पहाटे कॉम्प्रेसर बंद पडला. धोक्याची घंटा बावीस मिनिटे वाजत होती. सुदैवाने सुरक्षा झडप उघडण्याआधी माणूस जागा झाला आणि काही बाहेर पडले नाही. नंतर नोंदवही पाहिली, तेव्हा दोन, तीन आणि चार वाजताची वाचने दशांशापर्यंत सारखी होती आणि एकाच बैठकीत लिहिलेली दिसत होती. दमलेले पाळीपत्रक ओळखायचे असेल तर हीच खूण पाहावी. यंत्राची वाचने रात्रभर थोडी तरी हलतात. माणूस झोपला की ती स्थिर होतात.

चौकशीत पहिले स्पष्टीकरण मागवले गेले ते रजेवर असलेल्या चालकाकडून! पत्रकावर सही त्याची होती ना. तो त्या पहाटे नऊशे किलोमीटरवर मांडवात उभा होता.

या प्रथेचे खरे प्रयोजन मला त्या दिवशी उमगले. ते सातत्य राखण्यासाठी नाही, दोष ठेवायला माणूस मिळावा यासाठी आहे.

माणसांच्या कपातीचा आणि पाळीबदलाचा अर्थ काय होतो, याचे गंभीर स्मरण भोपाळ देते. तेथे मिथाइल आयसोसायनेट विभागातील पाळीची माणसे दुर्घटनेपूर्वी बारावरून सहावर आणली गेली होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री १० वाजून २० मिनिटांनी टाकीतला दाब दर चौरस इंचास २ पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराला दाब १० पौंड झाला होता आणि नव्या पाळीला तो नेहमीच्या मर्यादेतला वाटला. ती दुर्घटना कोणाच्या रजेमुळे झाली नव्हती. तिची कारणे पुष्कळ होती. पण आकडा दिसणे आणि तो चढतो आहे हे कळणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या चाळीस मिनिटांनी दाखवले. ते अंतर कापायला ताजा आणि माहीतगार माणूस लागतो, पत्रकावरचे नाव नव्हे.

कोणी म्हणेल, सहकारी आपखुशीने होकार देतात, तर प्रशासनाने मध्ये का पडावे? एका पाळीची अदलाबदल असेल तर जरूर पडू नये. पण बारा दिवसांचा होकार आपखुशीचा नसतो. उद्या आपल्यालाही रजा लागेल या भीतीचा असतो. नवखा, एकटा किंवा वरिष्ठाच्या मर्जीतून उतरलेला माणूस सह्या जमवू शकत नाही. त्याची अर्जित रजा साठत जाते आणि ३०० दिवसांच्या मर्यादेपुढे वाया जाते. सरकारने न नेमलेल्या पाचव्या माणसाचा पगार तो अशा रीतीने भरतो.

विशेष म्हणजे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा प्रश्न ओळखला होता. त्याच्या ७९ व्या कलमात कामाच्या सातत्यासाठी रजेची योजना करण्याची सोय होती. ती योजना कारखान्याच्या भोगवटादाराने किंवा व्यवस्थापकाने कामगारांच्या संमतीने करून मुख्य निरीक्षकाकडे द्यायची होती. आता त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली असली, तरी त्यातला विवेक कालबाह्य झालेला नाही. सातत्य ही संस्थेची सामूहिक व्यवस्था आहे, अर्जदाराची खाजगी उसनवारी नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाळीपत्रक जोडलेच पाहिजे, पण ते नियंत्रक अधिकाऱ्याने करावे व त्यावर सही त्याचीच असावी. बदली माणसाला त्या खुर्चीची पात्रता आहे का आणि त्याच्या आधीच्या चोवीस तासांत किती तास काम झाले आहे, हे दोन रकाने त्यात असावेत. कोणी आजारी पडला की पत्रक त्याच दिवशी बदलावे. आणि माणूस नसल्यामुळे रजा नाकारायची असेल, तर ‘सेवेची निकड’ असे गुळमुळीत न लिहिता ‘पद रिक्त आहे’ असे लिहावे. अशा दहा शेऱ्यांची फाइल मंत्रालयात गेली, तर पाचव्या माणसाची मंजुरी अडवणाऱ्याला निदान काही उत्तर तरी शोधावे लागेल.