पात्र समुपदेशक म्हणजे नेमके कोण?

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या २०२३ मधील मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतील एक तत्त्व रोजगाराच्या अंगानेही महत्त्वाचे आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे ते सांगते. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि खासगी शिकवणी वर्ग असे सारेच यात येतात. संसदेने कायदा करेपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक राहणार आहेत.

आदेशाचा हेतू निर्विवाद आहे. अडचण ‘पात्र’ या शब्दाची आहे. न्यायालयाने ज्या तीन व्यवसायांची नावे एका दमात घेतली, त्यांपैकी कोणाला परवाना लागतो आणि कोणाला लागत नाही, याचे उत्तर आपल्या कायद्यांत सरळ सापडत नाही. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांचा पहिला गोंधळही इथेच होतो.

यांपैकी सर्वात स्पष्ट वाट चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार हा व्यवसाय परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय करता येत नाही. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजार रुपये ही रक्कम १९९२ सालीही फारशी भीतिदायक नसावी.) मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने पात्रतेची व्याख्या अधिक नेमकी केली: परिषदेने मान्य केलेली चिकित्सालयीन मानसशास्त्रातील अर्हता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ, पर्यवेक्षित रुग्णसेवेसह केलेले एम.फिल. या कायद्याखाली काम करण्यासाठी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही नोंद करावी लागते.

समजा, पाटण्यातील एका विद्यार्थिनीने ही वाट धरली. पदवीची तीन वर्षे, पदव्युत्तरची दोन आणि एम.फिल.ची दोन मिळून सात वर्षे होतात. परंतु एम.फिल.च्या जागा प्रत्येक संस्थेतील पात्र मार्गदर्शकांच्या संख्येशी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या मोजक्याच. बंगळुरूची ‘निम्हान्स’, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बोर्डोलोई संस्था ही यातील जुनी, शासकीय आणि तुलनेने स्वस्त ठिकाणे. तिथे पहिल्या खेपेस प्रवेश मिळणे दुर्मीळ. त्यामुळे एक-दोन वर्षे प्रवेश परीक्षांच्या तयारीत जातात. खासगी विद्यापीठात जागा मिळते, पण शुल्क काही लाखांत जाते आणि रुग्णालयाशी असलेला संबंध कधी कधी नावापुरता असतो. प्रवेशापूर्वी एक प्रश्न आवर्जून विचारावा: रोज किती नवे रुग्ण येतात आणि विद्यार्थ्याच्या हाती त्यांतले किती पडतात? मनोविकारांचा आंतररुग्ण विभाग नसलेल्या संस्थेत दोन वर्षे काढलेला विद्यार्थी चाचण्यांचे अहवाल लिहायला शिकतो. तीव्र मनोविकाराचा रुग्ण त्याने क्वचितच पाहिलेला असतो.

त्यातच ही वाट मध्येच खणली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवीच संपुष्टात आणली. साहित्य किंवा इतिहासात एम.फिल. ही पीएच.डी.पूर्वीची पायरी होती. चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांत मात्र तीच व्यवसायाची अर्हता होती. हा फरक नियम करणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा आला. मग या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ देण्यात आली. पर्याय म्हणून परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रातील स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आणि ‘साय. डी.’ हे अभ्यासक्रम पुढे केले आहेत. मधल्या काळात सामान्य मानसशास्त्रात एम.ए. करून बसलेल्या विद्यार्थ्यांना पुन्हा एक पदव्युत्तर पदवी घ्यायची की लांबलचक डॉक्टरेटची वाट धरायची, असा पेच पडतो. या पेचात वर्षे त्यांची जातात, आयोगाची नव्हे.

आता समुपदेशकाकडे वळू. ही पदवी लावण्यासाठी आजवर देशात प्रत्यक्षात कोणताही परवाना लागलेला नाही. एम.ए. झालेला, दोन वर्षे पर्यवेक्षणाखाली काम केलेला मनुष्य समुपदेशक असतो, आणि तीन महिन्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेतलेलाही स्वतःस समुपदेशकच म्हणवतो. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ ने ही पोकळी भरण्याचा प्रयत्न केला. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात मानसशास्त्रज्ञ, विविध समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्ते यांची नावे आहेत. पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ तेवढे वगळले आहेत. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ ठरण्यासाठी किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले शिक्षण हवे, अशी अट आहे. पण नोंदणी राज्य परिषदांनी करायची आहे आणि त्या स्थापन करण्यासाठी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदत घालून द्यावी लागली, यावरून गती ओळखावी.

या कायद्याचा एक परिणाम मात्र लगेच जाणवला. आयोगाच्या कक्षेतील विषय म्हणून मानसशास्त्र दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली. नोकरी किंवा संसार सांभाळून तिशी-चाळिशीत या क्षेत्रात येणाऱ्या अनेकांची, विशेषतः स्त्रियांची, हीच वाट होती. रुग्णाशी बोलण्याची कला पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून येत नाही, हे खरे. म्हणून निर्णय मुळात चुकीचा म्हणवत नाही. परंतु सायंकालीन वा अंशकालीन वर्गांची सोय न करता एक दार बंद केले, आणि ज्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रांवर कोणाचेच नियंत्रण नाही ती दुकाने मात्र उघडीच राहिली.

समाजकार्याची स्थिती याहून विचित्र आहे. या शिक्षणाला मुंबईत १९३६ मध्ये टाटा संस्थेपासून प्रारंभ झाला. तरीही वकील किंवा परिचारिका यांच्यासारखी या व्यवसायाची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद अजून नाही. एम.एस.डब्ल्यू. ही नोकरीसाठीची अर्हता आहे, परवाना नव्हे. मनोविकार समाजकार्यकर्त्याची २०१७ च्या कायद्यातील व्याख्या एम.फिल.वरच टेकलेली असल्याने तिथेही वर सांगितलेला पेच आहेच.

उत्पन्नाविषयी बोलताना सरासरी आकडे फसवे ठरतात. म्हणून दोन हिशेब मांडतो. पहिला सरकारी. केंद्रीय संस्थांत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचे पद सामान्यतः वेतनस्तर १० चे, म्हणजे ५६,१०० रुपये मूळ वेतनाचे असते. बढती मिळाली नाही तर सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यानुसार दहा वेतनवाढींनंतर ते ७५,४०० होते, भत्ते वेगळे. वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्याचे प्रवेशपद बहुधा स्तर ६ चे: ३५,४०० पासून दहा वेतनवाढींनंतर ४७,६००. ही स्थिर, सन्मानाची नोकरी आहे, पण पदे थोडी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या दोघांची तरतूद आहे. तथापि बहुतेक नेमणुका कराराच्या. शाळांचेही तेच: केंद्रीय विद्यालयांतसुद्धा समुपदेशक ठोक मानधनावर, शैक्षणिक वर्षापुरते घेतले जातात. अशा ठिकाणी दहाव्या वर्षाचे मानधन पहिल्या वर्षापेक्षा फारसे वेगळे नसते, कारण दरवर्षी करार नव्याने सुरू होतो.

दुसरा हिशेब खासगी व्यवसायाचा. त्यातील आकडे मी गृहीत धरलेले आहेत. वाचकाने आपल्या शहराचे घालून पाहावेत. मध्यम शहरात एका भेटीचे शुल्क १,००० रुपये, आठवड्याला २० भेटी ठरलेल्या. पाचातली एक रद्द होते असे धरू, उरल्या १६. सुट्ट्या, आजारपण आणि परीक्षांचे दिवस वजा जाता वर्षात ४६ आठवडे काम. म्हणजे ७३६ भेटी आणि ७,३६,००० रुपये. खोलीचे भाडे दरमहा १०,००० प्रमाणे १,२०,०००. ज्येष्ठाकडून महिन्यातून दोनदा पर्यवेक्षण, प्रत्येकी २,००० प्रमाणे ४८,०००. चाचण्यांचे संच, दूरध्वनी, जाहिरात असे ६०,०००. हाती उरतात ५,०८,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ४२,००० रुपये, कर वेगळा. आणि हे भरलेल्या वेळापत्रकाचे चित्र आहे. पहिल्या वर्षी आठवड्याला पाच भेटी, त्याही ७०० रुपयांच्या मिळाल्या, तर वर्षाचे १,६१,००० येतात आणि केवळ भाडे दिल्यावर ४१,००० उरतात. पहिली दोन-तीन वर्षे घरचा आधार किंवा जोडीची नोकरी का लागते, ते यावरून दिसेल. पर्यवेक्षणाचा खर्च नवखे लोक प्रथम छाटतात. त्याचा परिणाम वर्षभरात दिसतो: रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर परत येत नाहीत आणि का येत नाहीत हे सांगणारे कोणी नसते.

पुढची वाढ तासांतून होत नाही. आठवड्याला पंचविसांहून अधिक भेटी घेणाऱ्याचे ऐकण्याचे भान सुटते. वाढ होते ती शुल्कातून, आणि शुल्काला रुग्णाच्या खिशाची मर्यादा आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यायला सांगितले. व्यवहारात ते रुग्णालयात दाखल होण्यापुरतेच बहुतेकदा उपयोगी पडते. साप्ताहिक समुपदेशनाचे पैसे घरातूनच द्यावे लागतात. म्हणून २,००० रुपयांची भेट दिल्ली-बंगळुरूत चालते, गोरखपुरात चालत नाही. आणि न्यायालयाचा आदेश गोरखपुरातील शिकवणी वर्गालाही लागू आहे.

त्या वर्गाच्या चालकाला किंवा पालकाला आज करता येण्याजोगी एक तपासणी आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याकडे केंद्रीय नोंदवहीचा क्रमांक मागावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळावा. क्रमांक खरा असला तरी प्रवर्ग पाहावा, कारण विशेष शिक्षक आणि वाचाउपचारतज्ज्ञही त्याच नोंदवहीत असतात. पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण झाले आहे का, हेही पाहावे. समुपदेशकाच्या बाबतीत असा क्रमांक नसल्याने पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष काम कोणाच्या देखरेखीखाली किती काळ केले आणि आजही पर्यवेक्षण कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत नेण्याचे दायित्व २०१७ च्या कायद्याच्या कलम ३१ ने सरकारवर टाकले आहे. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला. म्हणजे मुदत मे २०२८ मध्ये संपते. पाटण्याच्या त्या विद्यार्थिनीने २०२५ मध्ये पदवीला प्रवेश घेतला असेल, तर त्या महिन्यात ती पदवीची शेवटची परीक्षा देत असेल.