सोन्याचे गणित कुठे चुकले?

बेलपाड्यातील सराफाच्या फलकावरचा भाव तीन गोष्टींतून तयार होतो: सोन्याचा डॉलरमधील जागतिक भाव, रुपयाचा विनिमय दर आणि आयात शुल्क. यांपैकी पहिल्या गोष्टीचा अंदाज बांधण्यासाठी विश्लेषक अनेक वर्षे एक सुटसुटीत समीकरण वापरत आले आहेत. महागाई वजा जाता अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यावर जे व्याज उरते, तो 'वास्तव परतावा', आणि डॉलरचे इतर चलनांच्या तुलनेतील बळ, या दोहोंवरून सोन्याचा भाव काढायचा. यामागचा तर्क सरळ आहे. सोने व्याज देत नाही. तेव्हा रोख्यांचा वास्तव परतावा वाढला, की सोने बाळगणे तेवढे महाग पडते.

2021 पर्यंत हे गणित बऱ्यापैकी जुळत होते. त्यानंतरचे एकच वर्ष पाहू. 2021 अखेरीस वास्तव परतावा सुमारे उणे 1 टक्का होता, तो 2022 अखेरीस अधिक दीड टक्क्यापर्यंत चढला. डॉलरही सुमारे 8 टक्क्यांनी वधारला. परतावा एका टक्क्याने वाढल्यास सोने 15 टक्क्यांनी उतरते, असा गुणांक उदाहरणादाखल धरला, तर 1,830 डॉलरचे सोने 1,250च्या आसपास यायला हवे होते. वर्ष संपले तेव्हा ते 1,820 डॉलरच्या वरच होते!

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाची परकीय गंगाजळी गोठवली. त्या वर्षी मध्यवर्ती बँकांनी हजार टनांहून अधिक सोने घेतले, आणि पुढील दोन वर्षेही हा वेग टिकला. गंगाजळी सुरक्षित ठेवू पाहणारा हा ग्राहक व्याजाचा हिशेब फारसा करीत नाही, आणि जुन्या आकडेवारीत त्याचे वजनही कमी होते.

बिघाड ओळखता येतो तो शेषांवरून, म्हणजे प्रत्यक्ष व अंदाजित भावांतील फरकांवरून. मॉडेल ठीक असेल, तर हे फरक कधी वर, कधी खाली असतात. येथे ते महिनोन् महिने एकाच बाजूला राहिले. एरवीही, ज्यांना स्वतःचा कल आहे अशा दोन मालिका समोरासमोर ठेवल्या, की संबंध नसतानाही तो घट्ट भासतो. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी हा इशारा 1974 मध्येच दिला होता. म्हणून पातळ्यांऐवजी आठवड्याचे बदल ताडून पाहावेत. तेथे संबंध बराच सैल दिसतो, पण परतावा उसळला की सोने बहुधा आजही दबते. समीकरण आठवड्याची हालचाल काही अंशी सांगते. योग्य भाव कोणता, हे नव्हे. 'सोने महाग आहे' या त्याच्या निर्वाळ्यावर 2022 मध्ये ज्यांनी घरच्या लग्नाची खरेदी लांबवली, त्यांना पुढे कितीतरी अधिक मोजावे लागले.

फलकावरच्या उरलेल्या दोन गोष्टी तर या समीकरणात नाहीतच. 23 जुलै 2024 रोजी अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले आणि देशातील भाव एका दिवसात तोळ्यामागे हजारोंनी घसरला. त्या घसरणीचे कारण दिल्लीत होते, अमेरिकी रोख्यांत नव्हे.