चष्मा लावल्यावरच पासवर्ड

आमच्या इंदूरच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने गेल्या महिन्यात मला बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला : कुठल्याही साइटवर पासवर्ड टाकण्यापूर्वीच्या पाच सवयी. पाचच का, असं विचारलं तर सेक्रेटरी काका म्हणाले, "त्यापुढे पोहे गार होतात."

मी लॅपटॉपवर एक खोटं लॉगिन पान बनवून नेलं होतं. इंटरनेटवर नव्हे, फक्त माझ्या मशीनवर चालणारं. पुढच्या रांगेतल्या एका आजींना त्यात मनात येईल ते टाइप करायला सांगितलं. त्यांनी टाइप केलं, पडद्यावर नेहमीसारखे काळे ठिपके उमटले. मग मी दुसरी खिडकी उघडली. तिथे त्यांनी लिहिलेलं "साबुदाणा" अक्षर न् अक्षर दिसत होतं. हॉल एकदम शांत झाला. "अगं, पण ठिपके होते ना?" आजींनी विचारलं.

तो प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण माझ्या आईचाही तोच समज होता. ठिपके असतात ते शेजारी बसलेल्या माणसासाठी. ज्याचं पान आहे त्याला पूर्ण शब्द मिळतो. म्हणून पान कोणाचं, हे टाइप करण्याच्या आधीच बघायला हवं.

उदाहरण मी पेन्शनचं घेतलं. हयातीचा दाखला बहुतेक पेन्शनरांना नोव्हेंबरात द्यावा लागतो आणि त्याच सुमारास मेसेज येतात : "आपले जीवन प्रमाणपत्र जमा झालेले नाही, पेन्शन थांबवण्यात येईल, खालील लिंकवर अपडेट करा." लिंक साधारण अशी असते (शेवटचा तुकडा मी मुद्दाम बदलला आहे, म्हणजे कोणी दाबून बघितली तरी कुठे जाणार नाही) :

```
https://jeevanpramaan.gov.in.pension-update.example/login
```

खरा पत्ता असा आहे :

```
https://jeevanpramaan.gov.in/
```

हॉलमधल्या बहुतेकांनी पहिला पत्ता खरा ठरवला. "त्यात सरकारचं नाव आहे की!" आहेच. पण कुठे आहे, ते बघायचं. पाकिटावरचा पत्ता पोस्टात शेवटून वाचला जातो : आधी गाव, मग पेठ, मग घर, मग माणूस. देवासच्या एखाद्या दुकानदाराने पाटीवर "राजवाडा, इंदूर" असं नाव रंगवलं तरी दुकान देवासलाच राहतं. वेबचा पत्ताही तसाच वाचायचा. सुरुवातीचं `https://` सोडून द्या, त्यानंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे सरका. पहिल्या पत्त्यात रेघेच्या लगेच डावीकडे `pension-update.example` आहे. तोच घरमालक. त्याच्या आधी लिहिलेलं सगळं त्याने स्वतः रंगवलेली पाटी आहे, त्यात तो काहीही लिहू शकतो. दुसऱ्या पत्त्यात रेघेला लागून `gov.in` आहे. तो शेवट फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळतो.

बँकांसाठीही आता अशीच सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या शेवटावर यायला सांगितलं होतं आणि हा शेवट बँकांशिवाय कोणालाही मिळत नाही. स्टेट बँकेचा पत्ता `sbi.bank.in` असा आहे. मात्र इथेही नियम तोच. `bank.in` हे रेघेला लागून हवं, मध्येच कुठेतरी नको. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, तेव्हा त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघडायचा आणि सरकवून बघायचा.

"आणि ते कुलूप?" एका काकांनी विचारलं. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हीच सगळ्यांना सांगत होतो, कुलूप दिसलं की खुशाल टाका. आता तसं राहिलं नाही. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचं पाकीट वाटेत कोणी फोडणार नाही. ते चोराच्याच घरी चाललं असेल तर तिथे ते अगदी सुखरूप पोचतं! असं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि चोरही ते घेतात. क्रोमने तर 2023 मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र काढूनच टाकलं, कारण लोक त्याचा चुकीचा अर्थ घेत होते.

तर पत्ता वाचणं ही माझ्या यादीतली दुसरी सवय. पहिली त्याहून सोपी : मेसेजमधल्या दाराने आत जायचंच नाही. काम खरं असलं तरी आपण आपल्या वाटेने जायचं, म्हणजे ॲप उघडून किंवा आधी साठवून ठेवलेल्या पत्त्यावरून. गूगलवर बँकेचं नाव टाकून वर येईल त्यावर बोट ठेवणं, हीही आपली वाट नव्हे. वरचा निकाल कधी कधी पैसे देऊन लावलेली जाहिरात असते.

तिसरी सवय म्हणजे पानाला विचारायचं, "तुला हे कशाला हवं?" हयातीच्या डिजिटल दाखल्याला आधारवरून बोटांचे ठसे, बुबुळ किंवा चेहरा यांनी ओळख पटवतात. त्यात नेटबँकिंगच्या पासवर्डचं काही काम नाही. त्या खोट्या पानावर मात्र "आपली बँक निवडा" असं येतं, मग युजरनेम आणि पासवर्ड, मग ओटीपी. यूपीआय पिनचंही तसंच. तो आपल्या यूपीआय ॲपमध्ये, पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही.

इथे एका मावशींनी मला अडवलं. "पण ओटीपी तर माझ्याच फोनवर येतो. मग पासवर्ड गेला तरी काय बिघडलं?" बिघडतं. तुम्ही खोट्या पानावर पासवर्ड टाकला, की पलीकडचा माणूस त्याच मिनिटाला तो खऱ्या बँकेत टाकतो. खरी बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते. तुम्ही तो खोट्या पानावर लिहिता आणि तो तसाच पुढे जातो. त्यामुळे ओटीपीचा मेसेज नुसते आकडे शोधून वाचायचा नाही. तो कशासाठी आहे, हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.

चौथी सवय सांगताना मला वाटलं होतं, आता सगळे पेंगणार. पासवर्ड फोनला लक्षात ठेवू द्या, म्हणजे क्रोममधल्या किंवा फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरला, असं मी सांगत होते. सोयीपेक्षा त्याचा दुसराच उपयोग मोठा आहे. पानाचं रूप बघून तो फसत नाही. साठवलेला पत्ता आणि समोरचा पत्ता तो ताडून बघतो आणि जुळला नाही तर गप्प बसतो. रोज आपोआप पासवर्ड भरणारा फोन आज गप्प का, असं वाटलं की थांबायचं. मात्र हा साक्षीदार कधी कधी विनाकारणही गप्प बसतो. बँका नव्या पत्त्यावर गेल्या तेव्हा खऱ्या पानावरही काहींचे पासवर्ड भरले जाईनात. अशा वेळी आठवून टाइप करून मोकळं न होता नवा पत्ता शाखेत विचारून खात्री करायची आणि मगच पासवर्ड पुन्हा साठवायचा.

मग एका आजोबांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि थोडं लाजतच म्हणाले, "आमचा मॅनेजर हा." त्यात पासवर्ड लिहिलेले होते. खरं सांगते, पाच वर्षांपूर्वी मी लेक्चर दिलं असतं. आज नाही देणार. परदेशात बसलेल्या चोराला इंदूरच्या कपाटातली वही दिसत नाही. वही खिशात घेऊन फिरू नका आणि पिन त्यात लिहू नका, एवढंच मी सांगितलं. आणि एक भर घालायला लावली : प्रत्येक पासवर्डच्या आधी त्या साइटचा पूर्ण पत्ता लिहायचा. मग वही उघडली की पासवर्डच्या आधी पत्ता डोळ्यांसमोर येतो आणि पडद्यावरच्या पत्त्याशी ताडता येतो. फोनमधला मॅनेजर नेमकं हेच करतो.

पाचवी सवयही त्या वहीनेच दाखवून दिली. सात साइट आणि सातही ठिकाणी नातीचं नाव व जन्मसाल. टाइप करण्यापूर्वी स्वतःला विचारायचं, "हाच पासवर्ड मी अजून कुठे दिलाय?" एखाद्या कुठल्याशा साइटवरून तो फुटला, की चोर तोच ईमेलवर आणि बँकेत लावून बघतात. सगळे एका दिवसात बदलणं होत नाही. आधी ईमेलचा बदला, कारण बाकीच्यांचे "पासवर्ड विसरलात?" तिथेच येतात.

पोहे आले. बहुतेक मंडळी उठली, तेव्हा एक काका माझ्या शेजारी येऊन बसले. तो पेन्शनचा मेसेज त्यांना नोव्हेंबरात आला होता. त्यांनी पासवर्ड टाकलाही होता. ओटीपी आला तेव्हा चष्मा सापडेना, म्हणून ते शोधायला उठले. चष्मा लावून वाचलं तर मेसेजमध्ये नवा लाभार्थी जोडण्याचा ओटीपी असल्याचं लिहिलं होतं. त्यांनी पान बंद केलं. पैसे वाचले, म्हणून गप्प बसले. घरी काही सांगितलं नाही. "मुलगा म्हणेल, बाबा, आता तुम्ही फोनवर बँक बघू नका."

मी विचारलं, "नंतर पासवर्ड बदललात?" काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. तीन महिने तोच पासवर्ड चोराकडे पडून होता.

पोहे बाजूला ठेवून आम्ही तिथेच बसलो. बँकेचं पान त्यांनी स्वतः पत्ता टाइप करून उघडलं, रेघ शोधली, डावीकडे सरकले. आधी पासवर्ड बदलला. मग लाभार्थ्यांची यादी पाहिली, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल पाहिला, नोव्हेंबरापासूनचं खातं खालीपर्यंत वाचलं. परकं काही नव्हतं. पैसे गेले असते तर तत्काळ 1930 ला फोन करायचा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची, हे मी त्यांना लिहून दिलं. अशा वेळी उशीर झाला, की पैसा या खात्यातून त्या खात्यात पुढे सरकत जातो आणि अडवणं कठीण होतं. मुलाने ओरडू नये म्हणून लपवण्यात नेमका तोच वेळ जातो. मुलं म्हणजे आपणच, मंडळी. गेल्या वर्षी आईने कुठलीशी लिंक दाबली तेव्हा मीही आधी ओरडलेच होते आणि त्यानंतर दोन महिने तिने मला फोनमधलं काही विचारलंच नाही.

काकांनी नवा पासवर्ड वहीत लिहायला घेतला. आधी पूर्ण पत्ता लिहिला, तिरप्या रेघेसकट. मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेटा, जरा तिकडे बघ."

मी तिकडे बघितलं.